लष्कर, गिटार आणि बेरिंबाउ: ब्राझिलियन रॉकबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बरेच दिवस येतायत, काही तर तेच तेच फिरून येतात, म्हणून एकदाच सगळे एका जागी टाकतोय. भर १९६७ ते १९७५ या वर्षांवर आहे, कारण खरी मजा तिथेच आहे. उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. ट्रॉपिकालिया ट्रॉपिकालिया म्हणतात ते नक्की काय? बँड आहे का?

नाही, बँड नाही. १९६७-६८ मध्ये साओ पाउलोत जमलेला एक कंपू. त्यातले बरेचजण मूळचे बाहिया राज्यातले: जिलबेर्तो जिल, काएतानो वेलोसो, गाल कोस्टा, टॉम झे. त्यांच्याबरोबर साओ पाउलोची तीन पोरं, ओस म्यूटांटेस नावाचा रॉक बँड, आणि रोजेरियो दुप्रा हा शास्त्रीय संगीत शिकलेला अरेंजर. नाव आलं एलियो ओइतिसिका या चित्रकाराच्या कलाकृतीवरून, १९६७ मध्ये रिओच्या म्युझियममध्ये त्याने वाळू, झाडं, पोपट आणि शेवटी एक चालू टीव्ही अशी एक वाटच मांडली होती, लोकांनी त्यातून चालत जायचं. संगीतातही या मंडळींनी तेच केलं, साम्बा, ईशान्य ब्राझीलचा बायाओ हा नाचाचा लोकठेका, जुनी रडकी प्रेमगीतं, बीटल्स, जाहिरातींच्या धून, सगळं एकाच ताटात. ओस्वाल्द दे आंद्रादे या कवीने १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की बाहेरून आलेल्या संस्कृतीला घाबरू नका, तिला खाऊन पचवा. हे त्याचेच नातू म्हणायचे.

२. तिथे लष्कराचं राज्य कधी होतं? आपल्या आणीबाणीसारखं का?

आपली आणीबाणी २१ महिने चालली, त्यांची लष्करी राजवट २१ वर्षं, १९६४ ते १९८५. पण सगळी वर्षं सारखी नव्हती आणि हे लक्षात नसलं तर पुढची उत्तरं गोंधळात टाकतील. १९६४ च्या बंडानंतर पहिली चार वर्षं विद्यार्थी मोर्चे काढत होते, टीव्हीवर सरकारला टोमणे मारणारी गाणी वाजत होती. मग १३ डिसेंबर १९६८ ला संस्थात्मक कायदा क्रमांक ५ आला. संसद बंद, राजकीय गुन्ह्यांसाठी हेबियस कॉर्पस बंद, म्हणजे उचललेल्या माणसाला कोर्टापुढे आणायची सोयच उरली नाही. हा कायदा १९७८ च्या शेवटापर्यंत टिकला. त्यामुळे गाणं कोणत्या वर्षाचं आहे हे आधी बघा, डिसेंबर ६८ च्या आधीचं आणि नंतरचं हे दोन वेगळे देश आहेत असं समजून चाला.

३. इलेक्ट्रिक गिटारविरुद्ध मोर्चा निघाला होता म्हणे, ही अफवा आहे ना?

खरंच निघाला होता. १७ जुलै १९६७, साओ पाउलो, पुढे होती एलिस रेजिना, तेव्हाची सगळ्यात मोठी गायिका. आणि काढणारे सरकारचे चमचे नव्हते, बहुतेक डावीकडे झुकलेले, देशी संगीताची काळजी असलेले कलाकार होते. त्यांचं म्हणणं असं की तरुण पोरं टीव्हीवर रोबेर्तो कार्लोस या गायकाचं 'ये ये ये' टाइपचं रॉक बघतात, ते अमेरिकन माल आहे, गुंगीचं औषध आहे, अमेरिकेनेच तर लष्कराला पाठिंबा दिलाय, मग तिचा आवाज आपण का वाजवायचा. यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही.

गंमत अशी की मोर्चात खुद्द जिलबेर्तो जिल चालत होता. एलिसच्या शब्दाखातर गेलो असं तो नंतर सांगायचा. काएतानो गेला नाही, त्याला तो प्रकार भीतीदायक वाटला. आणि तीन महिन्यांनी हाच जिल इलेक्ट्रिक गिटारवाला बँड घेऊन स्टेजवर उभा राहिला. ते पुढच्या उत्तरात.

४. एकच गाणं ऐकणार आहे, कोणतं ऐकू? आणि त्यात नेमकं काय ऐकायचं?

जिलचं 'दोमिंगो नो पार्क', म्हणजे बागेतला रविवार. ऑक्टोबर १९६७ मध्ये टीव्ही रेकॉर्ड चॅनेलच्या गाण्यांच्या स्पर्धेत दुसरं आलं. ह्या स्पर्धा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं, लोक आपापल्या गाण्यासाठी घसा फोडायचे, नावडतं गाणं हुर्यो करून बंद पाडायचे, सगळं टीव्हीवर.

गोष्ट साधी आहे. जोसे आणि जोआव हे दोन मित्र, एक मंडईत काम करणारा, दुसरा बांधकामावरचा मजूर. रविवारी जोसे बागेत जातो तर त्याला आवडणारी जुलियाना जोआवबरोबर आकाशपाळण्यात बसलेली, हातात गुलाब आणि आईस्क्रीम. शेवटी सुरा निघतो आणि जुलियाना, जोआव दोघंही मरतात.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. पहिल्यांदा बेरिंबाउ पकडा. धनुष्याच्या आकाराचं एकतारी वाद्य, खाली पोकळ भोपळा, काडीने तार बडवतात, बाहियात कपोएरा, म्हणजे नाचासारखी झुंज, खेळताना हेच वाजतं. गाण्याची चालच कपोएराची आहे, एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी झेलायची. झेलणारे कोण, तर म्यूटांटेस, हातात इलेक्ट्रिक बास आणि गिटार. गिटारवाला सेर्जियो तेव्हा सोळाचाही नव्हता. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ऑर्केस्ट्राकडे लक्ष द्या. पाळणा जसा वेग घेतो तशी दुप्राची वाद्यं गोल गोल फिरायला लागतात, आणि आईस्क्रीम लाल, गुलाब लाल, मग सुरा, हे सगळं सिनेमातल्या कटसारखं पटापट येतं. म्हणजे इथे बेरिंबाउ शोभेला ठेवलेला नाही आणि गिटारही नाही, कुठलंही एक काढलंत तर गाणं कोसळेल. नुसती 'फ्यूजन' म्हणून चिकटवाचिकटवी केलेली गाणी आणि हे यातला फरक ओळखायची माझी तरी हीच परीक्षा आहे.

त्याच स्पर्धेत काएतानोने 'अलेग्रिया, अलेग्रिया' म्हटलं, साथीला अर्जेंटिनाचा रॉक बँड. चौथा नंबर. सुरुवातीला हुर्यो झाली, शेवटी तेच लोक टाळ्या वाजवत होते.

५. शब्द वाचले तर सरकारविरुद्ध काहीच सापडत नाही. मग प्रोटेस्ट कुठेय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबर आहे. सरळ निषेधाची गाणी ब्राझीलमध्ये वेगळी होती. जेराल्दो वांद्रेचं १९६८ चं गाणं घ्या, एक गिटार, दोन कॉर्ड, चला उठा वाट बघू नका. ते लगेच लोकांच्या तोंडी बसलं, लगेच बंदी आली आणि वांद्रेला देश सोडावा लागला.

ट्रॉपिकालियावाले असं बोलत नव्हते. लष्कराला हवा होता एक सभ्य, कॅथलिक, देशभक्त, सुंदर ब्राझील. या लोकांनी तोच ब्राझील इतका भडक करून दाखवला की तो हास्यास्पद वाटायला लागला. म्यूटांटेसचं 'पानिस एत सिर्सेंसेस' ऐका. गाणारा म्हणतो मी काय काय अचाट केलं, पण जेवणाच्या खोलीतली माणसं जन्मायच्या आणि मरायच्या कामात मग्न आहेत. वाजंत्री राजदरबाराची. मध्येच गाणं प्लग काढल्यासारखं हळू होत होत बंद पडतं, १९६८ मध्ये लोकांना रेकॉर्ड प्लेअर बिघडला असंच वाटलं असणार, मग परत सुरू होतं, वेग वाढतो, आणि शेवटी ताटल्या-चमच्यांचे आवाज, कोणीतरी काहीतरी वाढायला सांगतंय, मागे 'ब्लू डॅन्यूब' वाल्ट्झ. एकही शब्द लष्कराबद्दल नाही. पण बाहेर रस्त्यावर पोरांना मार पडत असताना आत शांतपणे जेवत बसलेला मध्यमवर्ग कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

याची एक मर्यादाही आहे, ती मान्य करायला हवी. असा निषेध ज्याला कळतो त्यालाच कळतो. मोर्चात गायला याचा काही उपयोग नाही.

६. ते सायकेडेलिक आवाज कसे काढायचे? परदेशी पेडल मिळायचे का?

आयात माल महाग आणि मिळायला कठीण, त्यामुळे बरंचसं घरी बनवलेलं. म्यूटांटेसमधल्या आर्नाल्दो आणि सेर्जियोचा थोरला भाऊ क्लाउदियो सेझार हा इलेक्ट्रॉनिक्सवेडा. त्याने सेर्जियोला गिटार करून दिली, इफेक्ट गिटारच्या पोटातच, भाग सोन्याचा मुलामा दिलेले, आणि वर एक पट्टी ठोकलेली की ही गिटार जो चोरेल त्याला शाप लागेल. (पुढे ती खरंच चोरीला गेली आणि परतही आली.) फझचा जो करवतीसारखा आवाज त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर आहे तो कुठल्याही कंपनीच्या डब्यातला नाही, म्हणूनच तो इंग्लिश बँडांसारखा वाटत नाही.

पहिल्या अल्बमवर एक फ्रेंच गाणं आहे, 'ले प्रमिए बोनर द्यु जूर'. त्यात जो सुस् सुस् असा ठेका आहे तिथे खरं तर ड्रमची झांज, म्हणजे हाय-हॅट, असायला हवी होती. तो आवाज डासांवर फवारायच्या हातपंपाचा आहे. हेडफोन लावून ऐका, एकदा कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

७. 'बात माकुंबा' हे नुसतं बडबडगीत आहे का?

वरवर तसंच. जिल आणि काएतानोने एकच ओळ घेतली, तीत बॅटमॅन आहे, माकुंबा म्हणजे आफ्रिकन मुळाचे विधी आहेत आणि रॉकचं ये-ये पण आहे. मग प्रत्येक वेळी शेवटचा एकेक तुकडा गाळत जायचं, ओळ एका अक्षरावर येईपर्यंत, आणि तिथून परत वाढवत न्यायची. कागदावर लिहिलं की एक पंखासारखा आकार तयार होतो. साओ पाउलोच्या काँक्रीट कवींचा, म्हणजे अक्षरांच्या मांडणीतूनच कविता करणाऱ्यांचा, हा सरळ प्रभाव, ते कवी या कंपूचे दोस्तच होते.

खाली ठेका मात्र ढोलांचा, देवळातल्यासारखा, आणि त्यावर प्रश्न ६ मधली ती फझ गिटार. माकुंबावाल्यांना पोलिसांनी अनेक पिढ्या त्रास दिलेला होता हे माहीत असेल तर अमेरिकन कॉमिकचा हिरो त्यांच्या ढोलावर नाचतोय ही गोष्ट नुसती गंमत राहत नाही.

८. लोकांनी यांना स्टेजवरून हाकललं ते लष्करी समर्थक होते ना?

उलट. ते डावे विद्यार्थी होते. सप्टेंबर १९६८, साओ पाउलोच्या कॅथलिक विद्यापीठाचं थिएटर, स्पर्धेची फेरी. काएतानो चकचकीत प्लास्टिकच्या कपड्यांत 'मनाई करायला मनाई आहे' हे गाणं घेऊन आला, मागे म्यूटांटेस गोंगाट करतायत. हॉलमधून शिव्या, टोमॅटो, अंडी. प्रेक्षकांनी स्टेजकडे पाठ केली, तर म्यूटांटेसनी प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवणं चालू ठेवलं. काएतानो गाणं सोडून ओरडायला लागला, त्याचा सारांश एवढाच की सत्ता घ्यायची म्हणता ती तरुणाई ही का, तुम्ही राजकारणातही कलेसारखेच असाल तर आपलं काही खरं नाही. हे सगळं रेकॉर्ड झालं आणि त्याच वर्षी सिंगल म्हणून निघालंही. त्याच फेरीत जिलचं गाणं बाद झालं, मग काएतानोनेही माघार घेतली.

विद्यार्थी का चिडले त्याची मुळं प्रश्न ३ मध्ये आहेत. मला स्वतःला दोन्ही बाजू कळतात. आपल्या मित्रांना पोलीस उचलतायत आणि समोर कोणीतरी प्लास्टिक घालून कमरेचे झटके देतंय, राग येणारच. पण लष्कराने मात्र दोघांना एकाच यादीत टाकलं.

९. मग जिल आणि काएतानोला पकडलं कशासाठी? आरोप काय होता?

२७ डिसेंबर १९६८, प्रश्न २ मधला तो कायदा येऊन दोन आठवडे झालेले, साओ पाउलोच्या घरातून दोघांना उचललं आणि गाडीने रिओला नेलं. धड आरोपपत्र नाहीच. चौकशीत मुख्य मुद्दा असा की रिओच्या एका नाइटक्लबात यांनी राष्ट्रगीताची टिंगल केली. तशी काही टिंगल झालीच नव्हती, अफवा होती, पण त्या कार्यक्रमात ओइतिसिकाचं एक बॅनर टांगलेलं होतं, मरून पडलेल्या एका गुंडाच्या चित्राखाली 'बहिष्कृत व्हा, नायक व्हा' असं लिहिलेलं. जवळपास दोन महिने लष्करी कोठड्यांत. डोकी भादरली. दोघांचे वाढलेले केस हा त्या काळात अर्धा गुन्हाच होता.

सुटले तर साल्वादोर शहराबाहेर जायला बंदी, कार्यक्रमांना बंदी, रोज पोलिसांकडे हजेरी. पण रेकॉर्ड काढू देत होते, आणि त्या कशा काढल्या ते बघा. साल्वादोरमध्ये दोघांनी नुसता आवाज आणि साधी गिटार टेप केली. ती टेप साओ पाउलोत गेली आणि दुप्राने त्यावर ड्रम, बास, इलेक्ट्रिक गिटार, ऑर्केस्ट्रा चढवला. गाणारा एका शहरात, बँड दुसऱ्या, आणि एरवीच्या पद्धतीच्या बरोबर उलट, कारण साधारण बँड आधी वाजतो आणि गाणारा त्यावर गातो. इथे वादकांना गाणाऱ्याच्या लहरीमागे धावावं लागलं. १९६९ च्या त्या दोन अल्बमांत ठेका मधूनच थोडा पुढेमागे होतो, त्यातलं काही या पद्धतीमुळे असणार असं मला वाटतं.

जुलै १९६९ मध्ये साल्वादोरच्या कास्त्रो आल्वेस थिएटरात कार्यक्रम करू दिले, तिकिटाचे पैसे उभे करायला, आणि लंडनला रवाना केलं. जाताना जिल 'आकेले आब्रासो' हा साम्बा देऊन गेला, वरवर रिओचा हसत निरोप. त्यात रिओतल्या रेआलेंगो या वस्तीलाही नमस्कार आहे, आणि रेआलेंगोत तो कोंडलेला होता. दोघं १९७२ मध्ये परतले. जिल पुढे २००३ ते २००८ देशाचा सांस्कृतिक मंत्री होता.

१०. सेन्सॉर नेमका कसा चालायचा?

रेकॉर्ड निघायच्या आधी शब्द टाइप करून फेडरल पोलिसांच्या सेन्सॉर विभागाकडे पाठवायचे. तिथला बाबू पास करायचा, ओळ बदलायला सांगायचा किंवा थेट नामंजूर. कारण राजकारणच असेल असं नाही, अश्लील वाटलं, कळलं नाही म्हणून संशय आला, काहीही चालायचं. म्यूटांटेसच्या १९७२ च्या अल्बमवर 'देशभक्त झिपऱ्या' अशा नावाचं गाणं यायचं होतं, ते नाव गेलं आणि दुसऱ्या नावाने आलं.

मात्र एक फट होती, तपासायचे ते शब्द. आवाज तपासायची काही सोय नव्हती. मिल्टन नासिमेंतोच्या १९७३ च्या 'मिलाग्रे दोस पेशेस' अल्बमवर बऱ्याच गाण्यांचे शब्द कापले गेले, तर त्याने ती गाणी काढून न टाकता शब्दांशिवायच गायली, नुसते आकार, किंकाळ्या, हुंकार. रॉक म्हणून नका ऐकू हवं तर, पण सेन्सॉरची पावती ऐकायची असेल तर हीच. शिको बुआर्केने दुसरा उपाय काढला, आपल्या नावाने गेलेलं काहीच पास होईना म्हणून १९७४ मध्ये जुलिन्यो दा आदेलाइदे असा एक बनावट गीतकार तयार केला, त्याची गाणी पास झाली, त्याची पेपरात मुलाखतसुद्धा छापून आली.

११. १९६९ नंतर सगळं संपलं का?

कंपू फुटला, आवाज पसरला. नोवोस बायानोस ही मंडळी एकत्र कुटुंबासारखी राहायची, फुटबॉल खेळायची, आणि १९७२ च्या 'आकाबोउ शोरारे' मध्ये साम्ब्याची छोटी वाद्यं आणि पेपेऊ गोमेसची जळती गिटार शेजारी बसली. १९७३ मध्ये सेकोस ए मोल्यादोस आले, चेहरे रंगवलेले, नेय मातोग्रोसो उघड्या अंगाने, बाईच्या पट्टीत गाणारा. भर दडपशाहीत हे टीव्हीवर आलं आणि लहान मुलांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना आवडलं. 'ओ विरा' मध्ये तर पोर्तुगीज लोकनृत्याचा ठेका आहे.

ईशान्येतली गोष्ट मात्र वेगळी, तिचा या मंडळींशी थेट संबंध नाही. लूला कोर्तेस आणि झे रामाल्यो यांचा 'पाएबिरू', १९७५, दोन तबकड्या, चार बाजू म्हणजे पृथ्वी, वायू, अग्नी, जल. पाराइबातल्या इंगा इथल्या कोरीव दगडावरून सुचलेला. छापून झाला आणि रेसिफेत पूर आला, कंपनीच्या गोदामात पाणी शिरलं, बहुतेक प्रती गेल्या. म्हणून मूळ प्रतीची किंमत बघून डोळे पांढरे होतात. पुनर्मुद्रण घ्या, सर्चमध्ये Paêbirú टाका. बाकीच्यांसाठी Os Mutantes आणि Tropicália ou Panis et Circencis, दोन्ही १९६८ चे.

१२. पाउलो कोएल्यो, तोच 'अल्केमिस्ट'वाला, रॉकमध्ये होता हे खरं?

तोच. मराठीत त्याची पुस्तकं वाचणाऱ्यांना दर वेळी धक्का बसतो. बाहियाचा राउल सेशास हा एल्व्हिसचा भक्त, पण डोक्यात लहानपणापासून लुईस गोंझागाचा बायाओ. त्याचं 'लेट मी सिंग' म्हणजे रॉक अँड रोल आणि बायाओ एकमेकांच्या पाटावर बसलेले. 'मोस्का ना सोपा' मध्ये सुरुवात कपोएरा-माकुंबाच्या ढोलांची आणि मध्येच गाणं धाडकन रॉकमध्ये उडी मारतं, गाणारा स्वतःला तुमच्या सूपमध्ये पडलेली माशी म्हणवतो, मारली तर दुसरी येईल. माशी कोण हे सेन्सॉरला कळलं नाही किंवा कळून सोडून दिलं.

कोएल्यो त्याचा गीतकार. दोघांनी 'पर्यायी समाज' अशी कल्पना काढली, जे वाटेल ते करा हा कायदा, थोडी जादूटोण्याची भानगडही. पोलिसांना ती खरीखुरी संघटना वाटली. १९७४ मध्ये कोएल्योला पकडलं, सोडलं, आणि लगेच दुसऱ्यांदा लष्करी यंत्रणेने उचलून नेऊन छळ केला. मग दोघं काही काळ अमेरिकेत.

१३. रीता लीला १९७६ मध्ये अटक झाली ती ड्रग्जसाठी, राजकीय नाही. बरोबर ना?

कागदावर बरोबर. म्यूटांटेसमधून बाहेर पडल्यावर तिने स्वतःचा बँड काढला होता, ती तेव्हा गरोदर होती, घरात गांजा सापडला असं पोलीस म्हणाले, ती म्हणाली मी गरोदरपणात सोडलेलाच होता. वर्षभर नजरकैद झाली. त्याच वर्षी, महिनाभर आधी, जिललाही दौऱ्यावर असताना गांज्यासाठीच पकडलं. दोन्ही प्रकरणं १९६८ सारखी म्हणता येणार नाहीत, खटला झाला, कायद्याचं कलम होतं. पण राजवट थोडी सैल करतोय असं जगाला सांगत असताना लांब केसांच्या प्रसिद्ध माणसाला आत टाकायला ड्रग्जचा कायदा सगळ्यात सोयीचा होता, म्हणून मी 'राजकीय नाही' असं काही छातीठोक म्हणणार नाही.

१४. लेजियाओ उर्बाना, बाराओ वर्मेल्यो हे ऐंशीतले बँड याच परंपरेतले का?

फारसे नाहीत. ते पंक आणि न्यू वेव्ह ऐकून आले, ढोल-बेरिंबाउ त्यांच्यात जवळपास नाही, आणि ते सरळ बोलतात. रेनातो रुसोने 'हा कसला देश आहे' हे गाणं १९७८ मध्ये लिहिलं पण रेकॉर्ड झालं १९८७ मध्ये, तोवर लष्कर गेलेलं. १५ जानेवारी १९८५ ला निवडणूक मंडळाने तांक्रेदो नेवेस यांना निवडलं, दोन दशकांनंतर निवडून आलेला पहिला बिगरलष्करी अध्यक्ष, आणि त्याच रात्री रिओत 'रॉक इन रिओ' मध्ये बाराओ वर्मेल्यो वाजवत होते, काझुझाने स्टेजवरून नव्या दिवसाच्या शुभेच्छा दिल्या. सेन्सॉर मात्र तरीही चालू राहिला, कायद्याने तो गेला १९८८ च्या नव्या राज्यघटनेत. म्हणजे लष्कर गेल्यावरच्या दोन-तीन वर्षांतल्या रेकॉर्डवरही कापलेली गाणी सापडतात, तारीख बघून गोंधळू नका.